डिपॉझिट मागणारे चार ओळींचे पत्र

पुण्यात खोली सोडताना घरमालक हमखास म्हणतात, "बघू, रंगाचं किती होतंय ते." मग महिना जातो आणि भाडेकरू व्हॉट्सअॅपवर विचारतो, "काका, डिपॉझिटचं काय झालं?" उत्तर येते, "करतो." अशा मेसेजमध्ये ना रक्कम असते, ना तारीख, त्यामुळे टाळणे सोपे जाते.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. डिपॉझिटची रक्कम, ते बिनव्याजी असल्याचे आणि जागा सोडताना थकबाकी वजा करून परत करायचे, हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. मेसेज लिहायच्या आधी ते कलम वाचावे.

समजा, डिपॉझिट ६०,००० रुपये आहे आणि शेवटचे वीजबिल ८४० रुपये. मग असे लिहिता येते:

"काका, नमस्कार. ३१ मे रोजी फ्लॅट रिकामा करून चाव्या तुमच्याकडे दिल्या. त्या दिवशीचे खोल्यांचे आणि मीटरचे फोटो सोबत आहेत. वीजबिलाचे ८४० वजा करून ५९,१६० रुपये १५ जूनपर्यंत खात्यावर पाठवावेत. आणखी काही कापायचे असल्यास बिलासह कळवावे."

खरी गोम शेवटच्या वाक्यात आहे. भिंतीचा रंग वापराने फिका पडणे वेगळे आणि बेसिन फुटणे वेगळे. पहिल्याचे पैसे कापले तर वाद घालायला जागा असते. मात्र रंगकामाचा खर्च भाडेकरूचा, असे करारातच असेल तर हुज्जत घालून फारसा उपयोग नाही.

मुदत उलटली, तर हाच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचपावती जपून ठेवावी. वकिलाची नोटीस त्यानंतर.