कमी आलेले 4,059 रुपये

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांना माल पुरवणारे बरेच छोटे व्यापारी आहेत. त्यांच्या ऑफिसात हिशेबाला बहुधा एकच माणूस असतो. तो नोकरी सोडतो तेव्हा नव्या माणसाला टॅलीचा पासवर्ड मिळतो, फाइलींचं कपाट मिळतं आणि ‘बाकी समजेल हळूहळू’ असा दिलासा मिळतो. पण कुठल्या पार्टीचे कुठले पैसे का कमी आले, हे जुन्याच्या डोक्यातच राहतं. म्हणून कामाचा ताबा देताना लिहायच्या कागदात बटणांची यादी थोडक्यात उरकावी आणि एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवावा. खाली तसाच एक, मुद्दाम बनवलेला, व्यवहार घेतला आहे.

डोंबिवलीचा एक रसायन कारखाना 200 लिटरचे 150 प्लास्टिक ड्रम मागवतो. भाव नगाला 1,100 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. ही ऑर्डर फोनवर आली तरी लेखी पीओ हातात आल्याशिवाय चढवायची नाही. पीओवर तीन गोष्टी बघायच्या: भाव आपल्या कोटेशनशी जुळतो का, माल पोचवायचा पत्ता बिलाच्या पत्त्याहून वेगळा आहे का आणि उधारी किती दिवसांची आहे. मग टॅलीत Ctrl+F8 ने सेल्स ऑर्डर करून पार्टीचा पीओ नंबर जसाच्या तसा टाकायचा. पार्टीची माणसं पुढे त्याच नंबराने बोलतात, आपला नंबर त्यांना ठाऊक नसतो. पोच तारीख टाकताना शुक्रवार टाळायचा, कारण डोंबिवली एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. त्या दिवशी गेलेला टेम्पो फाटकावरूनच परत येण्याची शक्यता जास्त.

गोडाऊनमध्ये 100 च ड्रम आहेत. म्हणून पहिलं बिल 1,10,000 अधिक जीएसटी 19,800, म्हणजे 1,29,800 रुपयांचं होतं. राज्यातल्या राज्यात मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली की ई-वे बिल लागतं, तेव्हा ते काढल्याशिवाय गाडी सोडायची नाही. बिल करताना मूळ सेल्स ऑर्डर निवडायला विसरू नये. ती निवडली तरच बाकी ऑर्डरच्या यादीत 50 ड्रम शिल्लक दिसतात, नाहीतर 150 चे 150 तसेच उभे राहतात आणि कुणीतरी पुन्हा सगळा माल पाठवतो. आठवड्याने उरलेले 50 जातात. दुसरं बिल 64,900 रुपयांचं.

दोन्ही बिलं मिळून येणं 1,94,700 रुपये. महिन्याभराने बँकेत एकरकमी जमा होतात 1,90,641. म्हणजे 4,059 रुपये कमी.

नवा माणूस इथेच फसतो. तो F6 दाबून पावती करतो, जुनं बिल आधी फेडायचं म्हणून पहिल्या बिलाला पूर्ण 1,29,800 लावतो आणि उरलेले 60,841 दुसऱ्याला. पार्टीची एकूण बाकी अगदी बरोबर दिसते, ताळा जमतो, कुणाला काही खटकत नाही. पण आता 4,059 ची तूट दुसऱ्या बिलावर बसली आहे आणि त्या बिलात काहीच भानगड नव्हती. सहा महिन्यांनी वसुलीसाठी फोन केला की पार्टी म्हणणार, ‘त्या बिलाचे आम्ही पूर्ण दिलेत.’ आणि ती खरं बोलत असेल.

म्हणून पावती करण्याआधी पार्टीकडून पेमेंटचा तपशील मागवायचा. बहुतेक कारखाने तो मेलवर पाठवतात. नाही आला तर त्यांच्या अकाउंट्सला फोन करायचा, तोही गुरुवार संध्याकाळच्या आत. आपल्या उदाहरणात तपशील असा निघतो: पहिल्या खेपेतले 3 ड्रम चेपलेले होते, त्याचे 3,300 अधिक जीएसटी 594, मिळून 3,894 कापले. आणि खरेदीवरचा टीडीएस 165 रुपये. 1 जुलै 2021 पासून मोठ्या उलाढालीचा खरेदीदार एका विक्रेत्याकडून वर्षात 50 लाखांवर माल घेतो, तेव्हा वरच्या रकमेवर 0.1 टक्का कापतो. या पार्टीने ती मर्यादा आधीच ओलांडली आहे असं धरू. टीडीएस जीएसटी सोडून मोजला आहे: 1,65,000 वर 165. तो 194.70 कापलेला दिसला, तर पार्टीने जीएसटी धरून कापला असं ओळखावं आणि विचारावं.

आता पावतीत Agst Ref निवडून पहिल्या बिलाला 1,25,796 आणि दुसऱ्याला 64,845 लावायचे. टीडीएसची जर्नल एन्ट्री वेगळी: येणे टीडीएस नावे, पार्टी जमा, पहिल्या बिलाला 110 आणि दुसऱ्याला 55. दुसरं बिल संपलं. पहिल्यावर 3,894 उघडे राहिले, आणि ते उघडेच राहायला हवेत. चेपलेले ड्रम परत आले का, पोचपावतीवर पार्टीच्या स्टोअरने तसा शेरा मारला होता का, हे गोडाऊनकडून कळलं आणि शेटने होकार दिला, की मगच त्या बिलासमोर क्रेडिट नोट काढायची. ती नोट जीएसटीतही दाखवावी लागते, तरच भरलेले 594 रुपये वळते होतात. ही रक्कम ‘डिस्काउंट’ किंवा ‘राउंड ऑफ’मध्ये ढकलली तर बाकी साफ दिसेल, पण कर अंगावर पडेल आणि ड्रम का चेपतात हे कधीच कळणार नाही. टीडीएसचंही तसंच. पार्टी ‘कापला’ म्हणाली, एवढ्यावर थांबू नये. तिने तिमाही विवरण भरल्यावर तो आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनसमोर दिसतो का, ते बघावं.

टॅलीत On Account हाही पर्याय असतो आणि घाईत तोच सोपा वाटतो. माझ्या मते ताबा घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी या सदरात किती रकमा पडल्या आहेत ते बघावं. आधीच्या माणसाने काम कसं केलं ते तिथे कळतं.

कुणाचे पैसे हेच कळत नसेल, तर गोष्ट वेगळी. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, त्यामुळे रविवारीही पैसे येतात, आणि कधी पार्टीच्या ऐवजी मालकाच्या खाजगी खात्यातून किंवा उल्हासनगरच्या जोडधंद्यातून येतात. रक्कम एखाद्या बिलाशी जुळते म्हणून त्या पार्टीला जमा करू नये; सारख्या रकमेची दोन बिलं नेहमीच सापडतात. यूटीआर नंबर लिहून ती सस्पेन्समध्ये ठेवावी आणि लेखी दुजोरा आल्यावर हलवावी.

चेक परत आला तर मूळ पावती खोडू नये. बँकेत तो जमा होऊन परत गेला आहे, पुस्तकातही तसंच दिसायला हवं. पेमेंट व्हाउचरने उलट एन्ट्री करून तेच बिल पुन्हा उघडावं आणि बँकेचा आकार वेगळा धरावा. शेटला त्याच दिवशी सांगायचं, कारण बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली नाही तर कलम 138 खालचा दावा हातचा जातो.

ताब्याच्या कागदाच्या शेवटच्या पानावर सगळ्या उघड्या रकमा लिहाव्यात: पार्टी, बिल नंबर, रक्कम, कारण, कुणाशी कधी बोलणं झालं. त्यासोबत ताबा दिलेल्या तारखेचा बँकेचा मेळ जोडून जुन्या आणि नव्या दोघांनीही सही करावी. नव्या माणसाने त्या सहीशिवाय ताबा घेऊ नये.