काच मोठी, त्रास मोठा?

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलला विंडस्क्रीन बसवायची म्हटलं, की बहुतेकजण एकच हिशेब करतात: काच जितकी उंच, तितका वारा कमी. काच बसते, पहिल्याच मोठ्या रस्त्यावर छातीवरचा वारा खरंच थांबतो, आणि त्याच वेळी हेल्मेट लटलट हलायला लागतं. डोळ्यांसमोरचे रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसट दिसतात. दोन तासांनी मान आखडते, कपाळ ठणकू लागतं. रायडर मंडळी याला बफेटिंग म्हणतात. काच नसताना हा त्रास नव्हता, मग वारा अडवल्यावर तो आला कुठून?

काच वाऱ्याला नाहीसं करत नाही, फक्त त्याची वाट बदलते. समोरून येणारी हवा काचेवर चढते आणि वरच्या कडेवरून वेगानं मागे सुटते. काचेच्या मागे, टाकीच्या वर मात्र हवा जवळजवळ थांबलेली असते आणि तिथला दाबही कमी असतो. वेगानं जाणारी हवा आणि ही संथ हवा जिथे एकमेकींना घासतात, तिथे भोवरे तयार होतात. ओढ्यात मोठा खडक असला की त्याच्या मागे पाणी घुसळतं, तसे. हे भोवरे एकामागून एक सुटत राहतात आणि त्यांच्या वाटेत जे येईल त्याला धक्के देतात. तो पट्टा हेल्मेटच्या उंचीवर आला, की बफेटिंग सुरू.

म्हणून खरा प्रश्न काच किती मोठी हा नसून हा घुसळणारा पट्टा तुमच्या शरीरावर कुठे येतो, हा आहे. तो खांद्याच्या खाली राहिला तर डोकं स्वच्छ, सरळ वाऱ्यात असतं. आवाज असतो, पण धक्के नसतात. तो डोक्याच्या बराच वरून गेला तर डोकं शांत हवेत असतं. वाईट जागा यांच्या मधली, हनुवटीपासून कपाळापर्यंतची. बाजारात मिळणाऱ्या मध्यम उंचीच्या बऱ्याच काचा सरासरी उंचीच्या माणसाच्या बाबतीत नेमक्या याच जागेवर पट्टा आणून ठेवतात.

थकवा कुठून येतो

काच नसताना ताशी 80 किलोमीटरला ताठ बसलेल्या माणसाच्या छातीवर वारा साधारण 12 ते 15 किलोच्या जोरानं मागे ढकलतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असला, तर वेगमापकावर 80 दिसत असतानाही शरीराला 100 चा वारा लागतो आणि जोर दीडपटीहून जास्त होतो. हे वजन पेलायला माणूस नकळत हँडलला लटकतो. म्हणून आधी पंजे, मग कोपरांखालचे स्नायू आणि शेवटी खांदे भरून येतात. छातीवरचा हा भार कमी करणं हे काचेचं मुख्य काम, आणि ते छोटी काचही बऱ्यापैकी करते.

मानेचं गणित वेगळं आहे. सव्वा ते दीड किलोचं हेल्मेट घातलेलं डोकं सरळ वाऱ्यात असेल, तर मानेचे स्नायू एका दिशेनं स्थिर जोर लावतात. धक्के बसत असतील, तर त्यांना प्रत्येक धक्क्याला नव्यानं आवळावं लागतं, आणि डोळ्यांना हलत्या डोक्यातून रस्ता स्थिर ठेवावा लागतो. त्यामुळे एकूण वारा कमी लागत असूनही माणूस जास्त थकतो. उंच काच बसवूनही दमायला होतं अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा हेच.

दोष शोधण्याची रीत

एक उदाहरण घेऊ. पाच फूट दहा इंच उंचीचा एकजण साडेतीनशे सीसीच्या, ताठ बसायच्या बाइकवर पुण्याहून कोल्हापूरला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी असल्यामुळे आपल्याकडच्या रायडरचा लांब प्रवास असाच राष्ट्रीय महामार्गांवर होतो. तिथे चौपदरी रस्त्यावर दुचाकीची वेगमर्यादा 80 आहे. त्यानं हेडलाइटच्या वर मध्यम उंचीची काच बसवली आहे आणि 65 च्या पुढे त्याचं हेल्मेट हलू लागतं.

त्यानं पहिल्यांदा काच पूर्ण काढून त्याच रस्त्यावर त्याच वेगानं जाऊन पाहावं. काच नसतानाही डोकं हलत असेल, तर दोष हेल्मेटचा आहे: ते सैल असेल किंवा त्याला वर मोठी टोपीसारखी कड असेल. आपल्या उदाहरणात काच काढल्यावर आवाज एकसुरी होतो, छातीवर भार येतो, पण डोकं स्थिर राहतं. म्हणजे दोष काचेचाच.

मग काच परत लावून मोकळ्या, सरळ रस्त्यावर 60-65 ला फूटरेस्टवर भार देऊन दोन-तीन इंच वर उठून पाहायचं. त्यानंतर उलट, पाठ वाकवून तितकंच खाली जाऊन पाहायचं. हा रायडर वर उठतो तेव्हा धक्के एकदम थांबतात. खाली वाकतो तेव्हा कमी होतात, पण पूर्ण थांबायला चांगलं पाच-सहा इंच वाकावं लागतं. याचा अर्थ पट्टा त्याच्या हेल्मेटच्या खालच्या भागावर येतोय. त्याला काच तीन इंच खाली आणली तरी पुरेल. वर न्यायची तर सहा इंच वाढवावी लागेल. खाली आणणं स्वस्त आणि हलकं, म्हणून आधी तेच. क्लॅम्पवर बसलेली काच सरकवता येते, किंवा मागे कलती करून तिची कड खाली घेता येते.

इथे बरेचजण थांबतात, पण अजून एक जागा तपासायची असते: काचेचा तळ. हेडलाइट आणि काच यांच्यामध्ये रबर लावून फट बंद केलेली असली, तर काचेमागे दाब आणखी कमी होतो आणि वरून सुटणारी हवा खाली खेचली जाते. तिथे एक-दीड इंचाची फट ठेवली, की खालून थोडी हवा आत येते, ती पोकळी भरते आणि भोवरे मवाळ होतात. अनेक कंपन्या काचेच्या खालच्या भागात मुद्दाम खाच ठेवतात, ती याचसाठी. उलट, हवा कधीकधी टाकीच्या दोन्ही बाजूंनी, फोर्कच्या मागून वर उसळते आणि हेल्मेटला हनुवटीखालून ढकलते. ती येते का हे पाहायला पुठ्ठ्याचे तुकडे टेपनं लावून एक फेरी मारावी. त्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुठ्ठा कुठे अडकत नाही ना, हे पाहायलाच हवं. फरक पडला, तर तिथे कायमचे छोटे पंखे बसवता येतात.

काच खाली करून आणि तळाची फट उघडूनही थोडी थरथर उरली, तर वरच्या कडेवर लावायचा छोटा डिफ्लेक्टर हा पुढचा उपाय. तो कडेला चिकटून नको. काच आणि डिफ्लेक्टर यांच्यामध्ये इंचभर जागा ठेवली, की त्यातून जाणारी हवा पट्टा वर ढकलते. एका वेळी एकच बदल करावा आणि तोच रस्ता, तोच वेग, तेच हेल्मेट ठेवावं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं गुण आला ते कळत नाही.

उंच काच कधी, आणि कुठे बसवलेली

पावसात किंवा थंडीत खूप फिरणाऱ्याला उंच काच हवीशी वाटेल, आणि ते रास्त आहे. पण तिची कड सरळ बसल्यावर नाकाच्या रेषेत यावी, म्हणजे नजर काचेच्या वरून जाते आणि हवा हेल्मेटच्या वरून. काचेतूनच पाहावं लागलं, तर रात्री पाऊस आणि समोरचा अपर यांनी रस्ता दिसेनासा होतो. शिवाय मागे कुणी बसणार असेल, तर तिला किंवा त्याला घेऊनच काच तपासावी. तुमच्या डोक्यावरून गेलेला पट्टा बहुधा त्यांच्या हेल्मेटवर उतरतो. भर उन्हाळ्यात विदर्भातून जाताना मोठ्या काचेमागे घाम वाळत नाही, हेही लक्षात घ्यावं.

उंच काचेचा मोठा धोका मात्र आडव्या वाऱ्याचा आहे. जून ते सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या आसपासच्या उघड्या पठारी भागात पश्चिमेचा वारा दक्षिणेला जाणाऱ्या बाइकला थेट उजवीकडून लागतो. चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. काच हँडलला जोडलेली असेल, तर हा धक्का सरळ स्टिअरिंगमध्ये येतो. फेअरिंगचं तसं नसतं. पल्सर 220 किंवा जुनी करिझ्मा आठवा: हँडल वळवलं तरी हेडलाइट समोरच पाहत राहतो, कारण पुढचा सगळा भाग चौकटीला जोडलेला आहे. वारा तिथे पूर्ण गाडीला ढकलतो, हँडलला ओढत नाही. 1976 मध्ये बीएमडब्ल्यूनं इटलीतल्या पिनिनफारिनाच्या वातबोगद्यात घडवलेली आर100आरएसची पूर्ण फेअरिंगही चौकटीलाच बसवलेली होती.

म्हणून हँडलला बसणारी काच छोटी किंवा मध्यमच असावी. नवी काच लावल्यावर वेग टप्प्याटप्प्यानं वाढवायचा. ट्रक ओलांडताना हँडलची टोकं झुलू लागली, तर ती काच त्या बाइकसाठी नाही. मागे मोठा टॉप बॉक्स असेल तर ही झुलण्याची खोड आणखी वाढते.

काचेचा पदार्थ बघून घ्यावा. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, पण पेट्रोलनं आणि अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवानं खराब होतं. धूळ आणि चिकटलेले किडे ओल्या फडक्यानं भिजवूनच काढावेत. कोरडं फडकं फिरवलं की ओरखडे आलेच.

सगळं जमून आलं, तरी काच आवाज बंद करत नाही. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत 90 डेसिबलच्या वर आवाज असतो, आणि तासन् तास तो ऐकणं हाही थकव्याचा एक मोठा वाटा आहे. त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग लावले, तर हॉर्न तरीही ऐकू येतो, कारण वाऱ्याचा आवाजही त्याच्याबरोबर खाली जातो. काचेवर काही हजार घालण्याआधी ते लावून, आहे तीच काच इंचभर खाली-वर करून पाहावी. बऱ्याच जणांची नवी काच घ्यायची गरज तिथेच संपते.