परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

जुलै उजाडला की शाळांच्या सूचनाफलकांवर निबंध स्पर्धांची पत्रकं लागतात. विषय, शब्दमर्यादा, शेवटची तारीख आणि तळाला ठरलेलं वाक्य : ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ निर्णय अंतिम असायला हरकत नाही, पण तो कसा होणार हे पत्रक सांगत नाही. स्पर्धा न्याय्य होणार की नाही, हे बरंचसं या एका पानावरच ठरतं. पहिला निबंध यायच्या आधीच.

विषयापासून सुरुवात करू. ‘पाण्याचे महत्त्व’ असा विषय दिला, की निबंधाच्या गाईडमधला निबंध थोड्या फरकाने चाळीस वेळा वाचायची तयारी ठेवावी. ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्याने निम्मे निबंध सुरू होणार. मुलाने लिहिलं की घरच्यांनी, हे ओळखायला परीक्षकाकडे मार्गच उरत नाही. त्याऐवजी ‘आमच्या घरात पाणी कुठून येतं’ असा विषय द्या. मग कोणी टँकरची वेळ लिहील, कोणी तिसऱ्या मजल्यावर न चढणाऱ्या नळाचं लिहील, कोणी विहिरीवरच्या मोटरला वीज रात्री येते म्हणून जागणाऱ्या आजोबांचं. हे गाईडमध्ये मिळत नाही. तरीही घरी लिहिलेल्या निबंधाला मदत होतेच. म्हणून जागरूक आयोजक प्रत्येक गटातल्या पहिल्या दहा जणांना एका सभागृहात बोलावतात, विषय तिथेच उघडतात आणि तासाभरात लिहून घेतात. ही अंतिम फेरी होणार असेल, तर तेही पत्रकातच लिहायला हवं.

दुसरी गोष्ट वयोगटाची. जागतिक टपाल संघटनेची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालते. तिची वयोमर्यादा ९ ते १५ वर्षं आहे. एवढं अंतर देशपातळीवर निवडलेल्या एकेका पत्रापुरतं चालून जातं. तालुक्याच्या स्पर्धेत मात्र पाचवीचं मूल आणि दहावीचं मूल एका गटात आलं, की पाचवीचं मूल हरणार हे आधीच ठरलेलं. आपल्याकडे पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे इयत्तेचे दोन गट सोयीचे. मुख्याध्यापकांच्या सहीवर इयत्ता लगेच पडताळता येते, जन्मदाखले गोळा करावे लागत नाहीत. वयानेच गट करायचे असतील तर ‘१४ वर्षांखालील’ एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेला १४ वर्षांखालील, ते लिहावं लागतं. नाहीतर ऑगस्टमध्ये वाढदिवस असलेल्या मुलाचा गट निबंध पाठवण्याच्या दिवशी एक आणि निकालाच्या दिवशी दुसरा. ज्या मुलांना लेखनिक लागतो त्यांना तो घेता येईल, हेही पत्रकातच सांगावं. मागाहून दिलेली सवलत इतरांना मेहेरबानी वाटते.

मुदतीचंही तसंच. ‘३१ ऑगस्टपर्यंत’ म्हणजे त्या दिवशी टपालात टाकलेला चालेल, की त्या दिवशी हातात पडलेला? वाडीवरच्या शाळेसाठी हा चार दिवसांचा फरक असतो. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख धरली, तर हा अन्याय टळतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्रक, ३१ ऑगस्टला मुदत आणि १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला निकाल, असं वेळापत्रक बसवलं तर वाचायला सहा आठवडे मिळतात.

ते सहा आठवडे का लागतात, हे पाहण्यासारखं आहे. १९६१मध्ये अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले आणि गुणवत्तेनुसार त्यांचे नऊ ढीग करायला सांगितले. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या ढिगांत गेलेला असा एकही निबंध निघाला नाही. वाचणारे जाणकार होते, पण कोणी विचार पाहत होतं, कोणी शुद्धलेखन, कोणी शैली. एकट्या परीक्षकावर निकाल सोडायचा नाही तो यासाठी.

म्हणून परीक्षक दोन घेतात. पण दोघांचे गुण नुसते मिळवले तर नवाच घोळ होतो. समजा, शेवटच्या फेरीत पाच निबंध आहेत, प्रत्येकी ५० गुण. पहिल्या बाई हात आखडून गुण देतात. क्रमांक १४ला ३३, ५ला ३२, ३३ला ३१, १९ला ३० आणि २७ला २९. दुसरे सर हात मोकळा सोडतात. २७ला ४१, १४ला ३६, ५ला ३५, १९ला ३३ आणि ३३ला ३०. बेरीज केली तर २७ क्रमांकाचा निबंध ७० गुणांनी पहिला येतो आणि १४ क्रमांकाचा ६९ गुणांनी दुसरा. नीट पाहिलं तर बेरजेने लागलेला क्रम सरांच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. बाईंनी पाचही निबंध वाचले, पण निकालावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. त्यांनी शेवटी ठेवलेला निबंध पहिला आला. कारण सरांच्या गुणांत ११चं अंतर आहे आणि बाईंच्या गुणांत फक्त ४चं.

उपाय सोपा आहे. गुण बाजूला ठेवून दोघांनी लावलेले क्रम मिळवायचे. १४ची बेरीज १ आणि २ म्हणजे ३, ५ची २ आणि ३ म्हणजे ५, २७ची ५ आणि १ म्हणजे ६. आता १४ पहिला, ५ दुसरा, २७ तिसरा. उरलेल्या दोघांची बेरीज प्रत्येकी ८, पण बक्षिसं तीनच असल्याने त्याने काही अडत नाही.

एवढ्यावर थांबू नये. एकाला जो निबंध पहिला वाटला तोच दुसऱ्याला शेवटचा वाटला, तर तो तिसऱ्या परीक्षकाकडे जायला हवा. त्याला आधीचे गुण सांगायचे नाहीत. आपल्या उदाहरणात २७ क्रमांकाची भाषा डौलदार आहे, पण स्वतःच्या घरातल्या पाण्याबद्दल त्यात दोनच ओळी आहेत, असं धरू. सरांनी भाषेला दाद दिली, बाईंनी विषय पाहिला. दोघंही चुकलेले नाहीत. कशाला किती गुण, हे पत्रकाने सांगितलंच नव्हतं. स्वतःच्या निरीक्षणाला २०, मांडणीला १५, भाषेला १० आणि शुद्धलेखनाला ५ अशी विभागणी छापली असती, तर परीक्षकांनाही दिशा मिळाली असती आणि त्या मुलालाही.

राहिली ओळख लपवण्याची गोष्ट. नाव, शाळा वेगळ्या कागदावर घेऊन निबंधावर फक्त क्रमांक टाकतात, हे बहुतेकांना माहीत आहे. चूक होते ती पुढे. ‘आमच्या अमुक विद्यालयाच्या मागच्या ओढ्यात’ असं मूल मजकुरातच लिहितं आणि परीक्षक त्याच शाळेतले निघतात. क्रमांक टाकणाऱ्यानेच असं नाव पट्टी चिकटवून झाकावं. गुण निबंधावर न लिहिता वेगळ्या तक्त्यात लिहावेत, नाहीतर पहिल्याचा ३३ पाहून दुसऱ्याचा हातही तिथेच घुटमळतो. दुसऱ्या परीक्षकाकडे गठ्ठा पिसून द्यावा, म्हणजे दमल्यावर वाचलेले निबंध दोन्ही वेळा तेच राहणार नाहीत.

यंदा पत्रक काढणार असाल, तर ते शेवटचं वाक्य ठेवाच. फक्त त्याच्या वर चार ओळी घाला : ‘निबंधावर नाव नसेल. प्रत्येक निबंध दोन परीक्षक स्वतंत्रपणे वाचतील. दोघांचे क्रम मिळवून निकाल लागेल, मतभेद झाल्यास तिसरा परीक्षक वाचेल. गुणांची विभागणी मागे छापली आहे.’