देय तारीख आणि दिल्याची तारीख

गेल्या वर्षी १७ मार्च रोजी माझ्या भाचीने तिच्या बाळाच्या लसीकरण कार्डाचे छायाचित्र मोबाईलवर पाठविले आणि खाली विचारले, “मामा, कार्डावर २१ मार्च लिहिले आहे. शुक्रवारी लसीला जायचे ना?” बाळ दोन महिन्यांचे, पहिलेच अपत्य. बँकेत तारखा तपासण्यात आयुष्य गेले, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी छायाचित्र मोठे करून पाहिले आणि तिला कळविले की या शुक्रवारी जाऊ नये. ते का, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे; कारण असे कार्ड आपल्या प्रत्येक घरात येते.

छायाचित्रात पहिली अडचण होती ती मथळ्याची. फोटो काढताना अंगठा कार्डाच्या वरच्या कडेवर आला होता आणि दोन्ही रकान्यांची नावे झाकली गेली होती. लसीच्या नावापुढे दोन तारखांचे दोन रकाने दिसत होते. त्यांतील एक ‘देय तारीख’, म्हणजे लस केव्हा द्यावयाची ती, आणि दुसरी ‘दिल्याची तारीख’, म्हणजे ती प्रत्यक्षात केव्हा टोचली ती. मथळा नसतानाही हे रकाने ओळखता येतात. एका रकान्यात २१/२, २१/३, १८/४ अशा तारखा एकाच शाईने, एकाच हाताने अगदी खालपर्यंत लिहिलेल्या होत्या. त्यांतील काही अजून उजाडायच्या होत्या. न उजाडलेली तारीख ‘दिल्याची’ असूच शकत नाही. दुसऱ्या रकान्यात जन्मवेळच्या नोंदींखाली एकच तारीख होती, ४/३/२५, आणि तिच्याशेजारी सही. तीच खरी जमेची नोंद. तरीही मी भाचीला कार्ड टेबलावर सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असे दुसरे छायाचित्र मागविले. अंदाजाने रकाना ओळखणे तात्पुरत्या समजुतीपुरते ठीक. निर्णयासाठी मथळा दिसलाच पाहिजे.

दुसरी अडचण आली ती न्यू जर्सीहून. भाचीच्या दिरांनीही तेच छायाचित्र पाहिले आणि ४/३/२५ ही तारीख ३ एप्रिल अशी वाचली. अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात, त्यामुळे तिकडच्या सवयीने हे वाचन स्वाभाविक होते. बाळाची जन्मतारीख १०/१/२५ हीसुद्धा त्यांना १ ऑक्टोबर वाटली असती. अशा वेळी त्याच कार्डावर बारापेक्षा मोठा आकडा असलेली तारीख शोधावी. येथे २१/२/२५ होती. एकविसावा महिना नसतो. म्हणजे या कार्डावर पहिला आकडा दिवसाचा आहे. मग ४/३ म्हणजे ४ मार्चच.

आता मूळ प्रश्न. बाळाचा जन्म १० जानेवारी २०२५ चा, शुक्रवारचा. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट, तोंडावाटे द्यावयाची पोलिओ लस आणि रोटाव्हायरस यांच्या मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. आठवड्यांनी मोजलेली तारीख नेहमी जन्मवारीच येते, ही पडताळणीची सोपी खूण आहे. २१ फेब्रुवारी, २१ मार्च आणि १८ एप्रिल हे तिन्ही शुक्रवार होते. म्हणजे जन्मवेळी काढलेले गणित बरोबर होते. परंतु फेब्रुवारीत बाळाला ताप आला, डॉक्टरांनी थांबावयास सांगितले आणि पहिली मात्रा ४ मार्चला, मंगळवारी दिली गेली. देय रकान्यातील पुढच्या तारखा मात्र कोणी बदलल्या नाहीत.

आपल्या व्यापारात उधारीची मुदत माल प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासून मोजतात. माल उशिरा गेला तर देय तारीखही पुढे सरकते. येथे तसेच आहे. या लसींच्या दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, जावे लागतात. ४ मार्च ते २१ मार्च हे अंतर केवळ १७ दिवसांचे. पहिल्या मात्रेवर शरीराला प्रतिकारशक्ती उभारण्यास अवधी लागतो. तो मिळण्यापूर्वी दिलेली दुसरी मात्रा अपेक्षित काम करीत नाही आणि हिशेबात धरली जात नाही. म्हणून दुसऱ्या मात्रेची खरी देय तारीख ४ मार्चपासून २८ दिवसांनी, म्हणजे १ एप्रिल, आणि त्या दिवशी ती दिली गेल्यास तिसरीची २९ एप्रिल. या दोन्ही तारखा मंगळवारी येतात, कारण आता गणना मंगळवारपासून सुरू झाली.

भाचीची पुढची चिंता वेगळीच होती. तिच्या सासूबाईंचे वर्षीतप पूर्ण होत होते. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया आणि पारण्यासाठी सर्वांना पालिताणा येथे जावयाचे. २७ एप्रिलला निघून ४ मेला परत. “मग निघण्यापूर्वीच, २५ तारखेला तिसरी मात्रा घेऊन टाकू का?” असे तिने विचारले. २५ एप्रिलला दुसऱ्या मात्रेपासून २४ दिवस होतात; चार दिवस कमी. परतल्यावर ६ मेला घेतली तर अंतर ३५ दिवसांचे होते. लवकर घेण्यात मात्रा वाया जाण्याचा संभव, तर आठवडाभराच्या उशिराने आधीच्या मात्रा रद्द होत नाहीत. मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जेथे थांबली तेथून पुढे चालू होते. मात्र उशीर तेवढे दिवस बाळाला अपुऱ्या संरक्षणात ठेवतो, म्हणून तो सोयीसाठी लांबवीत नेऊ नये.

कार्डाच्या खालच्या भागातील एक तारीख मात्र आम्ही तशीच ठेवली: गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, १० ऑक्टोबर २०२५. ही मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाची असते. ती आधीच्या पेंटाव्हॅलंटच्या अंतरावर नव्हे, तर बाळाच्या वयावर ठरते. वरच्या तारखा सरकल्या म्हणून हीही पुढे ढकलणे ही चूक ठरली असती. कार्ड वाचताना प्रत्येक देय तारखेला विचारावे: ही मागील मात्रेपासून मोजली आहे की जन्मापासून?

आणखी एका ठिकाणी भाची घाबरली होती. दहा आठवड्यांच्या ओळीत न्यूमोकोकल लसीचे आणि इंजेक्शनच्या पोलिओ लसीचे नाव नव्हते. ती चूक नव्हे. या दोन्ही लसी सहा आणि चौदा आठवड्यांना असतात, दहा आठवड्यांना नसतात. कोरी जागा आणि राहिलेली मात्रा एकच नव्हेत. तसेच ‘दिल्याची’ रकान्यात तारीख नसेल तर केवळ आठवणीवर लस दिली असे धरू नये, आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत पाहावे.

हे सर्व कागदावर मांडून भाचीला पाठविले आणि कार्ड घेऊन परिचारिकेला दाखविण्यास सांगितले, कारण अंतिम शब्द त्यांचा. त्यांनी दोन्ही रकाने पाहिले, २१/३ वर आडवी रेघ मारून शेजारी १/४ लिहिले आणि सही केली. त्यानंतर भाचीने कार्डाचे नवे छायाचित्र, चारही कडांसह, मला आणि न्यू जर्सीला पाठविले. जुने मात्र सर्वांनी मोबाईलमधून काढून टाकले.