रिक्षा की ऑटो?

‘मुंबई-पुण्यात आपण रिक्षा म्हणतो, दिल्लीत तिलाच ऑटो म्हणतात, बरोबर कोणतं?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. दोन्ही बरोबर. ऑटोरिक्षा हा लांबलचक शब्द आपण पुढून छाटला, त्यांनी मागून. मुळात रिक्षा हाही छाटलेलाच शब्द आहे! जपानीत तो जिनरिकिशा होता. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद आणि शा म्हणजे गाडी. इंग्रजीमार्गे इकडे येईपर्यंत त्यातला माणूस गळून गेला होता.

शब्द नेमका कुठून छाटला जाईल, हे कोणतंही व्याकरण आधी सांगू शकत नाही. म्हणूनच व्हिएन्नाचे भाषाशास्त्रज्ञ वोल्फगांग ड्रेसलर अशी छाटणी, दोन शब्दांचं मिश्रण आणि आद्याक्षरी शब्द यांना व्याकरणाबाहेरची रूपरचना मानतात. भाषाशास्त्रज्ञ इंगो प्लाग यांचं मत वेगळं आहे. अवयव मोजले तर इथेही शिस्त दिसते, असं ते म्हणतात. मोटर आणि हॉटेल मिळून झालेलं मोटेल हॉटेलएवढंच लांब आहे आणि ब्रेकफास्ट-लंचचं ब्रंच लंचएवढंच.

धातूच नाम होऊन बसतो, तो प्रकार मात्र बहुतेक जण व्याकरणात धरतात. मार, खेळ, धाव, पकड ही त्याची उदाहरणं. काहींच्या मते इथेही प्रत्यय लागतो, फक्त तो शून्य असतो आणि ऐकू येत नाही. मला हे पटत नाही. ‘समज’ घ्या. ‘माझा तसा समज झाला’ यातला समज पुल्लिंगी आहे, तर ‘साहेबांनी त्याला समज दिली’ यातली समज स्त्रीलिंगी, आणि अर्थही निराळा. मग पुल्लिंगी शून्य एक आणि स्त्रीलिंगी शून्य दुसरा, असं मानायचं का? भाषाशास्त्रज्ञ रोशेल लीबर यांनी जर्मन नामांच्या लिंगांवरून हाच आक्षेप घेतला होता. त्यांच्या मते काहीच जोडलं जात नाही. तोच शब्द मनातल्या कोशात वेगळ्या जातीखाली पुन्हा नोंदला जातो.

आद्याक्षरी शब्दांत मराठीला एक सोय आहे. आपलं अक्षर स्वर घेऊनच येतं, त्यामुळे भाजप, मनसे हे सरळ शब्दासारखे उच्चारता येतात आणि लगेच विभक्तीही घेतात: भाजपने, मनसेला. इंग्रजीत मनसेचं एमएनएस एकेक अक्षर सुटं वाचावं लागतं.

२००६ साली हा पक्ष निघाला आणि त्याचा कार्यकर्ता ‘मनसैनिक’ झाला. मनसेतला ‘से’ आणि सैनिकातला ‘सै’ एकमेकांवर चढलेले असल्याने मी याला मिश्रण म्हणेन. पण शिवसेनेचा शिवसैनिक आधीच होता. त्या साच्यावर मनसेचा मनसैनिक बेतला, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढणं मला अवघड वाटतं.