बाळ लहान आहे की उपाशी?
(गर्भारपणाची लेखमाला : वाढ खुंटलेला गर्भ)

मागच्या भागात आपण सोनोग्राफीतला वजनाचा अंदाज पाहिला. त्या आठवड्याच्या शंभर बाळांना वजनानुसार ओळीत उभं केलं, तर सर्वांत हलकी दहा ‘लहान’ ठरतात. पण त्यातली बरीचशी नुसतीच लहानखुरी असतात. आई-वडिलांची चणच तशी. उरलेल्यांपैकी अनेकांना मात्र वारेतून पुरेसं पोषण आणि ऑक्सिजन मिळत नसतो.

दोन गर्भवतींचं उदाहरण घेऊ. दोघींना ३२ वा आठवडा, दोन्ही बाळांचं अंदाजे वजन १५५० ग्रॅम. पहिलीची उंची ४ फूट १० इंच, तिचं थोरलं मूलही जन्मतः २.४ किलोचं आणि आता ठणठणीत. दुसरीचा रक्तदाब वाढलेला. दोन आठवड्यांपूर्वी बाळ १४०० ग्रॅमचं होतं. या काळात साडेतीनशे-चारशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते, इथे जेमतेम दीडशे.

आता नाळेचा डॉपलर. नाळेतल्या दोन धमन्या बाळाचं रक्त वारेकडे नेतात. निरोगी वारेत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे रक्ताला अडथळा कमी होतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही ते पुढे वाहत राहतं. पहिलीच्या आलेखात ठोक्याच्या वेळचा वेग सेकंदाला ४५ सेंटिमीटर, विसाव्यातला १६. गुणोत्तर २.८, या आठवड्याला साजेसं.

वारेतल्या वाहिन्या बंद पडू लागल्या की अडथळा वाढतो आणि विसाव्यातला प्रवाह क्षीण होतो. बरंच जाळं निकामी झालं की तो थांबतो, शेवटी उलटा बाळाकडे येतो. दुसरीच्या आलेखात तो शून्य होता. बाळाने श्वासाची हालचाल केली तरी आलेख बिघडतो, म्हणून बाळ शांत असताना, नाळेच्या मोकळ्या वेढ्यावर डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. तरीही शून्यच.

पहिलीला दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं. सगळं ठीक राहिलं तर प्रसूती ३८-३९ आठवड्यांना. दुसरीला लगेच दाखल केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि बाळाच्या ठोक्यांवर रोज नजर ठेवली. असं बाळ साधारण ३४ आठवड्यांपलीकडे पोटात ठेवत नाहीत. प्रवाह उलटा झाला तर ३२ च्या आतच बाहेर काढावं लागतं.

एक मर्यादा लक्षात असू द्या. ३२ आठवड्यांनंतर वाढ खुंटते तेव्हा वारेचं नुकसान अनेकदा थोडं असतं आणि नाळेचा डॉपलर चांगला येतो. तेव्हा बाळाच्या मेंदूची धमनी तपासावी लागते. ते पुढच्या भागात. तोवर, डॉपलर चांगला आला तरी पुढची तारीख चुकवू नका, आणि बाळाची हालचाल मंदावली तर त्या तारखेची वाटही पाहू नका.