एकच मूळ, तीनदा

दहावीच्या वर्गसमीकरणांत एक वाक्य सगळ्यांनी लिहिलेले असते: ‘मुळे वास्तव व समान आहेत.’ x² − 6x + 9 = 0 या समीकरणाची दोन्ही मुळे ३ आहेत. याचे कारण लपलेले नाही. x² − 6x + 9 ही बहुपदी (x − 3)(x − 3) अशी फुटते आणि तोच अवयव दोनदा आल्याने मूळही दोनदा येते.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. जी बहुपदी आपल्या संख्यांच्या मर्यादेत फुटतच नाही, तिची मुळे समान असू शकतील का? परिमेय संख्यांपुरते पाहिले तर x³ − 2 फुटत नाही, कारण २ चे घनमूळ परिमेय नाही. संख्यांचे क्षेत्र वाढवले की तिला तीन मुळे मिळतात: एक वास्तव, सुमारे १.२६, आणि दोन संमिश्र. तिन्ही वेगळी. ज्या बहुपदीची सगळी मुळे अशी वेगवेगळी असतात तिला सेपरेबल म्हणतात, आणि जिचे एखादे मूळ पुन्हा येते ती इनसेपरेबल. (काही जुन्या पुस्तकांत व्याख्या थोडी सैल आहे: बहुपदीच्या प्रत्येक अविभाज्य अवयवाची मुळे वेगळी असली की पुरे. त्या व्याख्येने x² − 6x + 9 सुद्धा सेपरेबल ठरते. पुस्तक उघडल्यावर आधी हे तपासावे, नाहीतर विनाकारण गोंधळ होतो.)

मुळे न काढताही ती समान आहेत की नाहीत हे कळते, आणि त्यासाठी लागते ते बारावीचे विकलज. xⁿ च्या जागी n·xⁿ⁻¹ लिहायचे, एवढा नियम पुरतो. त्यात सीमा, आलेख, स्पर्शिका काही लागत नाही, म्हणून तो कुठल्याही क्षेत्रात वापरता येतो. बहुपदीत (x − a) हा अवयव दोनदा असेल, तर तिच्या विकलजात तो निदान एकदा उरतोच. उदाहरणार्थ, x³ − 3x + 2 चे विकलज 3x² − 3. दोन्हींत x = 1 ठेवले की शून्य येते, म्हणजे १ हे मूळ पुन्हा आलेले आहे. खरोखरच ही बहुपदी (x − 1)²(x + 2) आहे. थोडक्यात, बहुपदी आणि तिचे विकलज यांचा मसावि काढायचा. तो १ आला तर मुळे वेगळी, x असलेला काही आला तर मुळे समान.

आता न फुटणारी बहुपदी घ्या. तिला स्वतःखेरीज खरा अवयवच नाही. मग विकलजाशी तिचा मसावि १ तरी येईल किंवा ती स्वतः तरी येईल. पण विकलजाची कोटी एकाने कमी असते आणि मोठ्या कोटीची बहुपदी लहान कोटीच्या बहुपदीला भागू शकत नाही. म्हणून मसावि १, आणि मुळे वेगळी. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक फट आहे. लहान कोटीची बहुपदी शून्य असेल तर? शून्याला काहीही भागते. परिमेय संख्यांत असे होत नाही, कारण x³ चे विकलज 3x², आणि ३ शून्य नाही.

३ शून्य असणारी क्षेत्रे मात्र आहेत. ०, १, २ या तीनच संख्या घेऊन बेरीज-गुणाकार करायचा आणि उत्तराला ३ ने भागून फक्त बाकी ठेवायची. तिथे 1 + 1 + 1 = 0. अशा क्षेत्राची कॅरॅक्टरिस्टिक ३ आहे असे म्हणतात. ३ च्या जागी कोणतीही मूळ संख्या चालते. इथे x³ चे विकलज 3x², म्हणजे शून्य. मग x³ − 2 घेऊन पाहू. इथे 2³ = 8, बाकी २, म्हणून २ चे घनमूळ २ च आहे. x³ − 2 इथे (x − 2)³ अशी फुटते. मुळे समान आली, पण बहुपदीही फुटली; हवे ते उदाहरण मिळाले नाही. आणि अशा सांत क्षेत्रात ते मिळणारही नाही, कारण कॅरॅक्टरिस्टिक ३ असलेल्या सांत क्षेत्रात प्रत्येक संख्येला घनमूळ असते.

म्हणून घनमूळ नसलेली एखादी गोष्ट क्षेत्रात आणावी लागते. t हे एक अक्षर घ्या आणि ०, १, २ हे सहगुणक वापरून t च्या बहुपदींचे सगळे भागाकार एकत्र करा. हे अनंत क्षेत्र आहे, पण ३ इथेही शून्यच. या क्षेत्रावरची बहुपदी x³ − t पाहा.

ती फुटते का? तिसऱ्या कोटीची बहुपदी फुटली तर एक अवयव पहिल्या कोटीचा असणारच, म्हणजे तिला याच क्षेत्रात मूळ हवे. समजा ते a/b आहे, a आणि b या t च्या बहुपदी. मग a³ = t·b³. डाव्या बाजूची कोटी ३ च्या पटीत आहे, उजवीकडची ३ च्या पटीपेक्षा एकाने जास्त. हे अशक्य, म्हणून x³ − t फुटत नाही.

आता क्षेत्र वाढवून t चे घनमूळ आत आणू आणि त्याला s म्हणू. (x − s)³ चा विस्तार x³ − 3x²s + 3xs² − s³. मधली दोन पदे ३ मुळे नाहीशी होतात आणि s³ म्हणजे t. उरते x³ − t. न फुटणाऱ्या बहुपदीला एकच मूळ, आणि तेही तीनदा!

हा दोष ३ शून्य असण्याचाच, असे मात्र म्हणता येत नाही. त्याच क्षेत्रावर x³ − x − t घ्या. कोटी मोजूनच दाखवता येते की हीही फुटत नाही. पण तिचे विकलज −1, म्हणजे शून्य नाही. तिचे एक मूळ s मानले तर s + 1 आणि s + 2 हीही मुळे निघतात, कारण (s + 1)³ = s³ + 1. तीन मुळे, तिन्ही वेगळी. दोन बहुपदींत फरक एका x चा.

गाल्वाच्या सिद्धांतात याचा परिणाम लगेच दिसतो. तिथे मुळांची अदलाबदल करून क्षेत्राची सममिती मोजतात. x³ − x − t चे मूळ घातले की क्षेत्र तिप्पट कोटीचे होते आणि s ला तीन जागी पाठवता येते, म्हणून सममितीही तीन. x³ − t नेही क्षेत्र तिप्पट होते, पण s ला s खेरीज जायला जागा नाही. सममिती एकच, काहीही न हलवणारी. गाल्वाची कोटी आणि सममिती जुळवणारी मुख्य जोडणी इथे तुटते.

एर्न्स्ट स्टाइनित्झ यांनी १९१० साली क्षेत्रांवरच्या आपल्या मोठ्या निबंधात या प्रकाराची पद्धतशीर मांडणी केली. जिथे हा प्रकार घडूच शकत नाही त्या क्षेत्रांना त्यांनी ‘परिपूर्ण’ म्हटले. परिमेय संख्या आणि सगळी सांत क्षेत्रे त्यात येतात, आपले t चे क्षेत्र येत नाही. मला या निबंधाचे मोल वाटते ते यासाठी, की अपवाद टाळून पुढे जाण्याऐवजी त्यांनी तो कुठे येतो आणि कुठे नाही याची सीमाच आखली.

वाचकांनी त्याच क्षेत्रावर x⁶ − t स्वतः सोडवून पाहावी. तीही फुटत नाही, विकलज शून्य येते, आणि सहा मुळांऐवजी दोनच वेगळी मुळे हाती लागतात, प्रत्येक तीनदा.